चार बंडलांचा माग

३१ मार्चच्या आदल्या दिवशी भडगावातल्या एका घाऊक गोदामाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. माल ठिबकचा, पीव्हीसी पाइपांचा, बियाण्यांचा आणि शेतीच्या औषधांचा. गिरणाकाठच्या केळी-कापसाच्या पट्ट्यात जे काही लागतं ते सगळं. आत दहा-बारा माणसं कागद घेऊन फिरत होती. सकाळी प्रत्येक खोकं उघडून बघणारी हीच माणसं संध्याकाळी सातनंतर दुरूनच विचारत होती, ‘ह्या पेट्या भरलेल्या ना?’ आणि वरच्या फळीवरून हमालाचं उत्तर यायचं, ‘उघडेल नई शे, भाऊ.’ कागदावर पूर्ण पेटीचा आकडा पडायचा. दोन दिवस विक्री बंद, पत्रा तापलेला, अनुदानाच्या फायली मार्चअखेर मार्गी लावायची घाई असलेले शेतकरी दाराशी उभे. दुसऱ्या रात्री आकडे संगणकात भरले आणि एकूण तूट निघाली साठ हजारांच्या आसपास. मालकांनी विचारलं, ‘कशात गेले?’ या प्रश्नाला तिथे कोणाकडेही उत्तर नव्हतं, कारण ते वर्षभरातल्या तीनशे दिवसांपैकी कुठल्या तरी दिवशी घडलेलं होतं आणि तो दिवस आता कोणाच्याच आठवणीत नव्हता.

मी गोदामांच्या ईआरपीचं काम करतो, म्हणजे खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकाच संगणकप्रणालीत बसवून देतो. या गोदामाचे आकडे खाली दिले आहेत ते सोयीसाठी गोल केलेले आहेत, पण घडलेलं तसंच आहे. वर्षातून एकदा सगळं मोजण्याऐवजी रोज थोडं मोजायचं, आणि काय किती वेळा मोजायचं ते मालाच्या वर्गावरून ठरवायचं, या पद्धतीला आम्ही फिरती मोजणी म्हणतो. ती कशी आखायची आणि कुठे फसते, ते या एकाच गोदामाच्या अनुभवावरून सांगतो.

गोदामात एकूण १,२०० आयटम होते. वर्षभरात कुठल्या आयटमचा किती रुपयांचा माल बाहेर गेला ती रक्कम काढून उतरत्या क्रमाने यादी लावली. वरच्या अवघ्या ९० आयटमांत उलाढालीचे सुमारे ७५ टक्के रुपये होते: लॅटरलची बंडलं, फिल्टर, मोठ्या व्यासाचे पाइप, दोन-तीन महागडी औषधं. पुढच्या २६० आयटमांत २० टक्के. उरलेल्या ८५० आयटमांत, म्हणजे ग्रोमेट, टेक-ऑफ, जॉईनर, एंड कॅप, वॉशर अशा चिल्लर सामानात, जेमतेम ५ टक्के. हे ए, बी आणि सी वर्ग. ही वाटणी नवी नाही. जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली एका औद्योगिक मासिकात ती साठ्यासाठी मांडली, तेव्हापासून ती जगभरच्या गोदामांत आहे. मार्चच्या मोजणीत मात्र सव्वा रुपयाचं ग्रोमेट आणि पाच-सहा हजारांचं बंडल यांना सारखीच एक फेरी मिळते. उलट चिल्लर माल मोजायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे माणसांचे बहुतेक तास त्या पाच टक्क्यांवर खर्च होतात.

आम्ही ठरवलं की ए वर्ग महिन्यातून एकदा, बी तीन महिन्यांतून एकदा आणि सी वर्षातून एकदा मोजायचा. ९० गुणिले १२ म्हणजे १,०८०. २६० गुणिले ४ म्हणजे १,०४०. त्यात सी वर्गाचे ८५० मिळवले की वर्षाच्या मोजण्या होतात २,९७०. आता दिवस. कपाशीच्या बियाण्याची झुंबड, पोळा, दिवाळी आणि आखाजीला हमाल गावी जातात ते दिवस सोडले, तर मोजणीला निश्चित मिळणारे दिवस अडीचशे धरायला हरकत नाही. २,९७० भागिले २५० म्हणजे रोजचे बारा आयटम. दोन माणसं आणि सकाळचा एक तास, तेवढ्यात ते होतं. गोदाम एकही दिवस बंद ठेवावं लागत नाही. हा हिशेब आधी करणं गरजेचं असतं. उत्साहाच्या भरात ए वर्ग दर आठवड्याला मोजायचं ठरवलं, तर एकट्या त्या ९० आयटमांच्या ४,६८० मोजण्या होतात आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद पडतं.

मात्र निव्वळ रुपयांवर वर्ग पाडून थांबलो असतो तर ते चुकलं असतं. काही माल स्वस्त असला तरी त्याच्या आकड्यात चूक झाली तर ती महागात पडते. अनुदानित खत हे त्याचं पहिलं उदाहरण. २०१८ पासून देशभर खताची विक्री पॉस मशीनवर होते आणि विक्रेत्याच्या मशीनवरच्या विक्रीवरूनच कंपनीला अनुदान मिळतं. मशीनवरचा साठा आणि ओट्यावरच्या गोण्या यांत फरक दिसला की तपासणीला आलेला अधिकारी गोण्यांची किंमत विचारत बसत नाही. दुसरं उदाहरण कीटकनाशकांचं. मुदत संपलेलं औषध ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारून वेगळ्या जागी ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे. म्हणून औषध मोजताना बाटल्यांची नुसती बेरीज चालत नाही, बॅच क्रमांक आणि मुदत बघून मोजावं लागतं. म्हणून बी आणि सी वर्गात पडलेले असे चाळीसेक आयटम आम्ही हाताने वर ढकलले. संगणकाच्या यादीवर माणसाने असा हात फिरवलाच पाहिजे. तो कोणी फिरवायचा? गोदाम सांभाळणाऱ्याने. या गोदामात ते काम नाना बघतात. कुठल्या मालाने आजवर त्रास दिला आहे, हे त्यांना कुठल्याही अहवालाशिवाय ठाऊक होतं. हे आयटम वर गेल्याने वर्षाच्या मोजण्या अडीच-तीनशेंनी वाढल्या आणि रोजच्या बाराच्या कधीकधी तेरा झाल्या, एवढाच फरक.

आता रोज सकाळी बारा आयटमांची चिठ्ठी कुठून येते ते पाहू. आम्ही वापरली ती ईआरपीनेक्स्ट ही मुक्त प्रणाली, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची. तिच्यात आयटमच्या पानावर दोन रकाने आम्ही वाढवले, एक वर्गाचा आणि एक शेवटच्या मोजणीच्या तारखेचा. पहिल्या प्रयत्नात मी चिठ्ठीचा क्रम आधी ए, मग बी, मग सी असा लावला होता. ए वर्गातलं काही ना काही रोज थकीत असायचंच, त्यामुळे सी वर्गाची पाळी येतच नव्हती. नंतर क्रम थकबाकीच्या प्रमाणावर लावला: मोजून किती दिवस झाले भागिले किती दिवसांनी मोजायला हवं होतं.

```sql
SELECT name, item_name,
  DATEDIFF(CURDATE(), custom_last_count) /
  CASE custom_abc WHEN 'A' THEN 30
                  WHEN 'B' THEN 90
                  ELSE 360 END AS due
FROM `tabItem`
WHERE is_stock_item = 1 AND disabled = 0
ORDER BY due DESC
LIMIT 12;
```

तीस दिवसांचा आयटम पंधरा दिवसांपूर्वी मोजला असेल तर त्याचं प्रमाण अर्धा, आणि ३६० दिवसांचा तीनशे दिवसांपूर्वी मोजला असेल तर पाऊणपेक्षा जास्त. म्हणजे त्या दिवशी स्वस्त ग्रोमेट आधी येतं, महाग फिल्टर मागून. एक अट मात्र आहे. तारखेचा रकाना रिकामा असेल तर भागाकारच होत नाही आणि तो आयटम यादीच्या तळाला जाऊन कायमचा विसरला जातो. म्हणून सुरुवातीला एकदा पूर्ण मोजणी करून सगळ्यांना तारीख द्यावीच लागते. फिरती मोजणी पूर्ण मोजणीच्या पायावर उभी राहते, त्या पहिल्या मोजणीतून सुटका नाही. या बारांवर नाना स्वतःच्या मनाने रोज दोन आयटम वाढवतात, कारण ठरलेल्या क्रमाचा अंदाज येऊ लागतो आणि ज्याला लपवायचं आहे त्याला तेवढं पुरतं. जळगावच्या एमआयडीसीतल्या ज्या मोठ्या कारखान्यांत सॅप आहे, तिथे ही चिठ्ठी हाताने बनवावी लागत नाही. `MIBC` ने वर्ग पाडता येतात आणि `MICN` ने पाळी आलेल्या मालाचे मोजणी-कागद निघतात. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

चिठ्ठीवर आयटमचं नाव, जागा आणि मोजायचं एकक असतं. संगणकातला आकडा नसतो. ४२ लिहिलेला कागद हातात दिला की ३८ बंडलं पाहणाऱ्या माणसालाही मागे कुठेतरी चार असतील असं वाटू लागतं. त्यात खोटेपणा नसतो, दिवसभर राबणाऱ्या माणसाचं मन छापील आकड्यावर सहज विश्वास ठेवतं. कोरी चिठ्ठी दिली की मोजल्याशिवाय गत्यंतर नसतं.

चार बंडलांची गोष्ट इथूनच सुरू होते. सोळा मिलिमीटरचं इनलाइन लॅटरल, ताशी चार लिटरचं ड्रिपर, चाळीस सेंटिमीटर अंतर. संगणकात ४२ बंडलं, मोजली तर ३८. दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजली, तरी ३८ च. हाच आयटम अठ्ठावीस दिवसांपूर्वी मोजला तेव्हा बरोबर ४५ होता. त्यानंतर आत आली ३०, बाहेर गेली ३३, म्हणून संगणक ४२ म्हणत होता. म्हणजे चूक या अठ्ठावीस दिवसांतली. मार्चच्या मोजणीत आणि या मोजणीत मुख्य फरक हाच आहे. तिथे शोधायला वर्ष असतं आणि शेकडो नोंदी असतात. इथे अठ्ठावीस दिवस आणि एकोणीस नोंदी होत्या.

तूट दिसली की आधी शेजारी बघायचं. शेजारच्या रांगेत पन्नास सेंटिमीटर अंतराची बंडलं होती. त्यांची पाळी त्या दिवशी नव्हती, पण नानांनी तीही मोजली. संगणकात १७, प्रत्यक्षात २१. इकडे चार कमी, तिकडे चार जास्त. मग पन्नासच्या नोंदींत चार बंडलांचं एकच बिल निघालं, अकरा दिवसांपूर्वीचं. त्याच्या मागे शेतकऱ्याच्या मागणीची चिठ्ठी टाचलेली होती आणि तीवर स्पष्ट ‘४०’ होतं. हमालांनी चिठ्ठी वाचून चाळीसची बंडलं चढवली होती. बिल करणाऱ्या मुलाने यादीतून पन्नास निवडलं होतं. संगणकात दोन्हींची नावं अशी होती: `LAT-16-4-40` आणि `LAT-16-4-50`. यादीत एकाखाली एक, आणि फरक शेवटून दुसऱ्या अंकाचा.

आता यातला पैसा बघा. चाळीसचं बंडल पन्नासपेक्षा सुमारे चारशे रुपयांनी महाग होतं, म्हणजे दुकानाचं नुकसान सोळाशेचं. मार्चमध्ये हेच सापडलं असतं, तर चार बंडलांची तूट आणि चार बंडलांची वाढ एकमेकींत जिरली असती. एकूण रकमेत फक्त सोळाशे दिसले असते आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नसतं. मधल्या काळात मात्र बेचाळीस बंडलांची मागणी घेऊन आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला ‘आहे’ सांगून चार बंडलं कमी पडली असती, तेही मृगबागेच्या लागवडीच्या आठवड्यात. म्हणून गोदामाची अचूकता मोजताना तफावतीच्या रुपयांची बेरीज-वजाबाकी करू नये. मोजलेल्या आयटमांपैकी किती आयटम बरोबर निघाले ते मोजावं. पहिल्या महिन्यात या गोदामात दर शंभर मोजण्यांमागे बरोबर निघाले ७१. त्याच काळात रुपयांतली निव्वळ तफावत एक टक्क्याच्याही आत होती. दोन्ही आकडे खरे होते, पण उपयोगाचा पहिला होता.

दुरुस्ती करतानाही एक मोह टाळावा लागतो. प्रणालीत `Stock Reconciliation` नावाची नोंद आहे. तिच्यात मोजलेला आकडा टाकला की साठा लगेच जुळतो आणि फरकाची रक्कम तफावतीच्या खात्यात जाते. चार बंडलांसाठी आम्ही ती वापरली नाही, कारण माल हरवलेलाच नव्हता. पन्नासच्या बिलाची क्रेडिट नोट आणि चाळीसचं नवं बिल त्याच भावाने केलं, आणि दोन्ही आयटम आपोआप जुळले. यामागे कराचंही कारण आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. जी बंडलं रीतसर विकली गेली ती ‘हरवली’ म्हणून लिहून टाकली, की नसलेल्या नुकसानावर करही भरावा लागतो. तूट लिहून टाकण्याआधी ती खरोखर तूट आहे की चुकलेला कागद आहे, हे पाहण्याची गरज इतकी ठोस आहे.

जिथे माल खरंच कमी निघतो आणि कारण सापडत नाही, तिथे `Stock Reconciliation` करावंच लागतं. तिथली एक चूक मी स्वतः केली आहे आणि ती निस्तरायला दोन दिवस गेले. डिस्क फिल्टर सकाळी साडेसातला मोजले, २४ निघाले, संगणकात २५ होते. दुकान उघडलं. दुपारी बारापर्यंत पाच फिल्टर विकले आणि त्यांची बिलंही झाली. मग मी बसून नोंद केली: २४. ही नोंद ‘एक कमी कर’ असं सांगत नाही, ‘या क्षणी साठा २४ आहे’ असं सांगते. आणि क्षण मी न बदलल्यामुळे तो बाराचा धरला गेला. फळीवर होते १९, संगणकात झाले २४. एकाची चूक दुरुस्त करायला गेलो आणि पाचाची करून बसलो. उपाय सोपा आहे. त्या नोंदीत `Edit Posting Date and Time` या चौकटीवर खूण करून मोजणीची वेळ, म्हणजे साडेसात, टाकायची. मग त्यानंतरच्या विक्रीचा हिशेब प्रणाली नव्याने मांडते. म्हणून आमच्या चिठ्ठीवर मोजल्याची वेळ लिहायला रकाना आहे आणि तो रिकामा असेल तर आकडा घेतला जात नाही. मोजणी शटर उघडायच्या आधी उरकण्याचं कारणही हेच. मोजताना माल हलत असेल तर कितीही काळजीपूर्वक मोजलं तरी काय मोजलं ते कळत नाही.

सर्वांत मोठं आणि सर्वांत जुनं दुखणं मात्र दुसरंच निघालं. दुसऱ्या महिन्यात पाइपांच्या सात आयटमांत माल जास्त निघाला. कमी नाही, जास्त. वाढ निघाली की लोक खूश होतात आणि शोध घेत नाहीत. नाना मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे पाइपांच्या वेगवेगळ्या थप्प्या होत्या, प्रत्येकीवर खडूने गावाचं नाव: कुठे गुढे, कुठे कजगाव. शेतकरी पैसे देऊन बिल घेऊन जातो, पण चर खोदून होईपर्यंत किंवा ट्रॅक्टर मिळेपर्यंत माल गोदामातच राहू देतो. आपल्याकडच्या शेतीव्यवहारात हे सगळीकडे चालतं आणि त्यात गैर काही नाही. पण इथे बिलावरच `Update Stock` ची खूण असल्यामुळे बिल होताच साठा कमी व्हायचा आणि पाइप मात्र अंगणातच असायचे. मोजणाऱ्याने ते मोजले की वाढ दिसायची. मार्चमध्ये ती वाढ साठ्यात जमा व्हायची आणि एप्रिलमध्ये शेतकरी पाइप घेऊन गेला की तेवढीच तूट तयार व्हायची, पुढच्या मार्चला ‘कशात गेले’ विचारण्यासाठी. सुरुवातीच्या त्या साठ हजारांत अशा पाइपांचा वाटा किती होता ते आता सांगता येणार नाही, पण तो होता हे नक्की.

प्रणालीत गोदामाच्या पोटात आणखी एक गोदाम उघडता येतं. आम्ही ‘उचलायचा बाकी’ नावाचं उघडलं. बिलावर साठ्याची खूण काढून टाकली. बिल झालं की माल मुख्य गोदामातून या गोदामात सरकवायचा, आणि ट्रॅक्टर भरला की तिथून डिलिव्हरी चलन करायचं. अंगणाला चुन्याची रेघ मारली. रेघेपलीकडचा माल मुख्य मोजणीत धरायचा नाही, त्याची स्वतंत्र मोजणी दर शनिवारी, शेतकऱ्याच्या नावानिशी. दोन महिन्यांनी पाइपांतली वाढ नाहीशी झाली. शिवाय एक उपयोग आधी लक्षात आला नव्हता: पावसाळ्याच्या तोंडावर चार-चार महिने पडून असलेला कोणाकोणाचा माल आहे ती यादी तयार मिळाली आणि फोन करता आले.

सी वर्गाबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. हजारो ग्रोमेट हाताने मोजू नयेत. शंभर नग मोजून काट्यावर ठेवायचे, त्यांच्या वजनाने पूर्ण पोत्याचं वजन भागून शंभरने गुणायचं, रिकाम्या पोत्याचं वजन आधी वजा करायचं. यात दोन-तीन टक्के इकडे-तिकडे होतं. म्हणून सी वर्गाला पाच टक्क्यांपर्यंतचा फरक आम्ही ‘बरोबर’ धरतो. बंडलं, फिल्टर, औषधाच्या बाटल्या यांना शून्य, तिथे एकाचाही फरक म्हणजे चूक. सी वर्गात खरी चूक एककाची असते. खरेदी पाकिटात होते, विक्री नगात, आणि एका पाकिटात शंभर की पाचशे हे कंपनीगणिक बदलतं. मोजलेला आकडा संगणकाच्या आकड्याच्या पाचपट किंवा शंभरावा हिस्सा निघाला, तर माल शोधायला जाऊ नये, आयटमच्या पानावरचा एककाचा रकाना उघडावा. आणि सी वर्ग मोजायचा सर्वांत सोपा दिवस म्हणजे नवा माल यायच्या आदला. पोतं तळाला गेलेलं असतं, पाच मिनिटांत मोजून होतं. चिठ्ठीवर पाळी नसली तरी नाना तो दिवस साधतात आणि तारीख टाकून मोकळे होतात.

तर मग मार्चची मोजणी बंद करायची का? याचं उत्तर आपल्या सीएंना विचारल्याशिवाय देऊ नये. कंपन्यांच्या लेखापरीक्षणासाठी लागू असलेल्या २०२० च्या आदेशात, ज्याला सगळे कॅरो म्हणतात, व्यवस्थापनाने साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी ‘वाजवी कालावधीने’ केली का, हे लेखापरीक्षकाला सांगावं लागतं, आणि साठ्याच्या कुठल्याही वर्गात एकूण दहा टक्के किंवा त्याहून जास्त तफावत निघाली तर त्याचा उल्लेख करावा लागतो. वर्षातून एकदाच आणि तेही ३१ मार्चलाच मोजा, असं तिथे लिहिलेलं नाही. पण फिरती मोजणी चालते ती तिचे कागद असतील तरच: तारीख आणि वेळ घातलेल्या चिठ्ठ्या, मोजणाऱ्यांच्या सह्या, प्रत्येक तफावतीपुढे लिहिलेलं कारण. कॅरो या गोदामाला लागू नव्हता, मालकांची पेढी भागीदारीची. पण कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला साठ्याचं विवरण जातं आणि बँकेचा माणूस कधीही बघायला येतो. पहिल्या वर्षी आम्ही मार्चअखेर फक्त ए वर्ग आणि औषधं मोजली, सीएंच्या माणसासमोर. अर्ध्या दिवसात झालं. दुकान चालू होतं.

या पद्धतीने सगळंच पकडता येतं असं मात्र नाही. बारा आयटमांच्या चिठ्ठीत तोच माल येतो ज्याला संगणकात नाव आहे. आवक होऊन नोंदच झाली नाही, असं एखादं खोकं माळ्यावर पडलं असेल तर त्याची पाळी कधीच येणार नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा उलट फेरी लागते: यादीवरून फळीकडे न जाता फळीवरून यादीकडे जायचं, समोर दिसेल ती वस्तू उचलायची आणि संगणकात ती आहे का ते बघायचं. पहिल्याच उलट फेरीत व्हेंचुरीच्या दोन पेट्या निघाल्या. त्यांचं चलन पुरवठादाराच्या ट्रकचालकाने दिलं होतं आणि ते कोणाच्या तरी शर्टाच्या खिशात धुतलं गेलं होतं. दुसरी मर्यादा माणसांची आहे. माल देणारा आणि मोजणारा एकच असेल तर चिठ्ठी कोरी ठेवूनही उपयोग नाही. छोट्या गोदामात दुसरा माणूस आणायचा कुठून? इथे बिल करणारा मुलगा सकाळी मोजायला जातो आणि नाना त्याच्या बिलांच्या प्रती तपासतात, ही अदलाबदल पुरेशी ठरली.

लॅटरलची नावं आता बदलली आहेत. अंतर आधी येतं, `40CM-LAT-16-4` आणि `50CM-LAT-16-4`, त्यामुळे यादीत ती शेजारी पडत नाहीत. चाळीसच्या रांगेला निळा रंग दिला आहे, पन्नासच्या रांगेला पिवळा, आणि बिलावर रंगाचं नाव छापलं जातं, म्हणजे हमालाला अंक वाचण्याची गरज पडत नाही. तीस दिवसांनी चाळीसची पाळी पुन्हा आली तेव्हा नानांनी चिठ्ठीवर ३४ लिहिलं. संगणकातही ३४ होते.